होळी सरकली की शाळेचं वेळापत्रकही सरकतं

आजचा भाग शाळेच्या वार्षिक नियोजनावर आहे. ऐकणाऱ्यांमध्ये नुकतेच शिक्षक म्हणून लागलेले बरेच जण आहेत, काही बी.एड. करताहेत, आणि काहींना शाळेत गेल्या गेल्या मुख्याध्यापकांनी "वेळापत्रक तुम्ही बघा, तुम्हाला कम्प्युटर येतो" असं सांगितलेलं आहे. तर मुख्यतः तुमच्यासाठी. उदाहरण नंदुरबार जिल्ह्याचं घेतोय, कारण छापील नियोजन आणि खरं वर्ष यातलं अंतर इथे जितकं उघड दिसतं तितकं पुण्या-मुंबईत दिसत नाही.

बहुतेक शाळांत नियोजन कसं होतं? मागच्या वर्षीची फाइल काढायची, वर साल बदलायचं, तारखा एक-दोन दिवस पुढे-मागे करायच्या आणि प्रिंट मारायची. काही वर्षं हे खपून जातं. २०२६-२७ ला मात्र खपणार नाही, आणि त्याचं कारण आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयमध्येच आहे.

आपली शाळा चालते इंग्रजी तारखांवर. १५ जूनला उघडते, एप्रिलअखेर संपते. पण मुलांचं घर चालतं चंद्रावर. होळी, दिवाळी, दसरा, सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, सगळं तिथीवर. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असतं, म्हणून सण दरवर्षी ११ दिवस अलीकडे येतात. असं दोन-तीन वर्षं झालं की अधिक महिना येतो आणि सगळे सण एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे ढकलले जातात. धुळवडच बघा. २०२४ ला २५ मार्च, २०२५ ला १४ मार्च, २०२६ ला ३ मार्च. आता २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे २०२७ ची धुळवड पुन्हा २२ मार्चला. दिवाळीचंही तसंच. लक्ष्मीपूजन २०२५ ला २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ ला ते ८ नोव्हेंबरला आहे.

याचा शाळेला काय फरक पडतो ते आठवड्यांत मोजून बघू. २०२५-२६ मध्ये शाळा उघडल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत साधारण १८ आठवडे मिळाले. २०२६-२७ मध्ये १५ जून ते ५ नोव्हेंबर धरलं तर साडेवीस होतात. दिवाळीनंतर २३ नोव्हेंबरला शाळा भरली असं धरा, तर तिथून होळीपर्यंत १७ आठवडे, आणि हे १७ दोन्ही वर्षी जवळपास सारखेच आहेत. मग पहिल्या सत्रात वाढलेले अडीच आठवडे आले कुठून? ते होळीनंतरच्या काळातून आले. २०२६ ला धुळवडीनंतर एप्रिलअखेरपर्यंत आठेक आठवडे होते. २०२७ ला फक्त साडेपाच उरतात.

नंदुरबारमध्ये ही बेरीज-वजाबाकी फार महत्त्वाची आहे. सातपुड्यात होळी हा एका दिवसाचा सण नाही. होळीआधीच्या आठवड्यात गावोगावी भोंगऱ्या बाजार भरतात. काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर ढोल वाजतात, लोक रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. मग शेजारपाजारच्या गावांच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी. बाहेर मजुरीला गेलेली माणसंसुद्धा होळीला घरी येतात. अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यात त्या आठवड्यात चाचणी ठेवली तर पेपर नेणारा शिक्षक आणि रिकामे बाक, एवढंच वर्गात असतं. आणि होळीनंतर? ऊन वाढलेलं. मोहाची फुलं पडायला लागलेली. पहाटे उठून घरातली सगळी मोहाखाली फुलं वेचत असतात, मुलंही. म्हणजे होळीनंतरचे आठवडे कागदावर कितीही असले तरी शिकवण्याच्या दृष्टीने पातळ असतात. त्या हिशोबाने २०२६-२७ हे नंदुरबारच्या शाळांसाठी चांगलं वर्ष आहे. पातळ आठवडे कमी झाले, जाड आठवडे वाढले. पण त्याचा फायदा कोणाला? ज्याने अभ्यासक्रमाची वाटणी बदलली त्याला. जुनी फाइल कॉपी केली तर पहिल्या सत्रातला अभ्यासक्रम सप्टेंबरअखेर संपेल, ऑक्टोबरभर "उजळणी" चालेल, आणि एप्रिलसाठी ठेवलेले धडे तसेच राहतील.

आता पहिल्या सत्राच्या परीक्षेकडे येऊ. माझ्या मते अख्ख्या वर्षात सगळ्यात जास्त विचार करून ठरवायची तारीख हीच आहे.

सवयीने आपण सत्र परीक्षा दिवाळीला चिकटवून ठेवतो. पेपर संपला की सुट्टी. दिवाळी २१ ऑक्टोबरला असते तेव्हा ते चालतं. पण ८ नोव्हेंबरच्या दिवाळीला एक अडचण आहे. नंदुरबारमधून बरीच कुटुंबं ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत आणि राज्याच्या दुसऱ्या भागांत जातात. साखर कारखान्याचा हंगाम तिथी बघून सुरू होत नाही. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ऊस आणि पाऊस बघून सुरू होतो. दिवाळी लवकर असली की माणसं दिवाळी करून जातात. दिवाळी उशिरा आली की काही कुटुंबं आधीच निघतात, मुलांना घेऊन. मग २९ ऑक्टोबरला ठेवलेल्या परीक्षेला तुमच्या हजेरीवरची पाच-सात मुलं नसतात. त्यांच्या पहिल्या सत्राची काहीच नोंद राहत नाही. जिथे जातील तिथल्या शाळेला त्यांची पातळी कळावी म्हणून आपल्याकडे शिक्षण हमी पत्रक दिलं जातं, पण त्यात लिहायला तुमच्याकडे काहीतरी मोजलेलं असावं लागतं ना!

म्हणून २०२६ साठी मी सत्र परीक्षा ५ ते १० ऑक्टोबर धरतो. ५ तारखेला सोमवार आहे. त्याआधी शिकवण्याचे १६ आठवडे झालेले असतात. ११ ला घटस्थापना, २० ला दसरा. परीक्षा संपवून नवरात्र लागतं, दसऱ्यापर्यंत पेपर तपासून होतात, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी दोन आठवडे हातात राहतात. या दोन आठवड्यांत पेपर मुलांना दाखवायचे आणि जे कोणालाच आलं नाही ते पुन्हा शिकवायचं. परीक्षा दिवाळीला चिकटवली की हे पुन्हा शिकवणं कधीच होत नाही, कारण तीन आठवड्यांनी आलेल्या मुलाला आपला पेपर आठवतसुद्धा नाही.

इथे एक मर्यादा सांगतो. सगळ्या परीक्षा शाळेच्या हातात नसतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याने पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा सगळीकडे एकाच वेळी, ८ ते २५ एप्रिलदरम्यान ठेवल्या आणि निकाल १ मेला लावायचा होता. शेवटचा पेपर आणि निकाल यांच्यात पाच दिवस. शिक्षकांनी तेव्हा बरीच तक्रार केली आणि ती खरी होती. तेव्हा तुमच्या आराखड्यात सत्र परीक्षेच्या मागे-पुढे एक-एक आठवडा असा ठेवा की वरून पत्र आलं तर खिडकी सरकवता येईल आणि बाकीचं नियोजन मोडणार नाही. त्या आठवड्यात स्नेहसंमेलन, सहल असं काही अडकवून ठेवू नका.

फेब्रुवारी २०२७ बद्दल वेगळं बोलायला हवं. दहावीची बोर्डाची परीक्षा २०२५ ला २१ फेब्रुवारीला आणि २०२६ ला २० फेब्रुवारीला सुरू झाली. पुढच्या वेळचं अंतिम वेळापत्रक आलं की बघाच, पण नियोजन करताना तिसरा आठवडा धरून चला. त्याच फेब्रुवारीत जनगणनेची प्रत्यक्ष मोजणी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना अशैक्षणिक कामं देता येत नाहीत, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण याला अपवाद आहे. म्हणजे एकाच महिन्यात काही शिक्षक बोर्डाच्या पर्यवेक्षणाला आणि काही प्रगणक म्हणून वाड्या-पाड्यांवर. आठवी-नववीचा महत्त्वाचा भाग फेब्रुवारीत शिकवायचा बेत असेल तर तो आत्ताच जानेवारीत ओढा. दहावीचा अभ्यासक्रम तर जानेवारीच्या मध्याला संपलाच पाहिजे.

बरं, वर्ष झालं. आता आठवडा.

समजा एक शाळा आहे. पाचवी ते दहावी, एकेक तुकडी, म्हणजे सहा वर्ग. सोमवार ते शुक्रवार आठ तासिका, शनिवारी पाच. एका वर्गाला आठवड्याला ४५. सहा वर्गांच्या मिळून २७०. मुख्याध्यापक १० तासिका घेतात. उरल्या २६०, आणि शिक्षक आठ. भागाकार केला तर प्रत्येकी साडेबत्तीस. शाळा सुखी दिसते.

पण ही सरासरी आहे, आणि सरासरीने वर्गावर कोणी जात नाही. गणित पाचवी ते आठवी आठवड्याला सहा आणि नववी-दहावीला सात धरू. झाल्या ३८. विज्ञान सगळीकडे सहा, ३६. एकूण ७४ तासिका आणि गणित-विज्ञानाचे शिक्षक दोन. प्रत्येकी ३७. बाकीच्या सहा जणांना १८६ तासिका, म्हणजे प्रत्येकी ३१. तफावत सहा तासिकांची, दिवसाला एक. कागदावर ही कुठेच दिसत नाही, कारण वेळापत्रक आपण वर्गवार छापतो. म्हणून चौकट आखायच्या आधी शिक्षकवार बेरीज लिहायची. आधी भार, मग चौकट.

उपाय काय? पाचवीचं गणित. डी.एड. झालेला कोणताही शिक्षक ते नीट शिकवू शकतो, आणि बऱ्याचदा जास्त चांगलं शिकवतो, कारण तो पाढ्यांवर आणि वस्तू हातात देण्यावर वेळ घालवतो. त्या सहा तासिका भाषेच्या शिक्षकाकडे गेल्या की दोघांचा भार ३४ वर येतो आणि बाकीच्यांचा सरासरी ३२ होतो. पुरे. अगदी समान करण्याच्या मागे लागू नका. कारण तासिका हा भाराचा एकच भाग आहे, दुसरा भाग पेपरांचा.

तेही मोजू. वर्गात ४० मुलं. गणिताचे पाच वर्ग, विज्ञानाचे सहा, म्हणजे ११ गठ्ठे, ४४० पेपर. दोघांत वाटले तर २२० प्रत्येकी. एका पेपरला सहा मिनिटं धरली तर २२ तास. नववी-दहावीला गणिताचे आणि विज्ञानाचे दोन-दोन भाग वेगळे धरले तर त्याहून जास्त. आणि आपल्याकडे परीक्षेचं वेळापत्रक कसं असतं? मराठी, हिंदी, इंग्रजी, मग गणित, विज्ञान, शेवटी समाजशास्त्र. ज्यांचे गठ्ठे सगळ्यात मोठे त्यांचे पेपर शेवटच्या तीन दिवसांत. क्रम फिरवा. सोमवारी गणित, बुधवारी विज्ञान, आणि ज्याच्याकडे एक-दोनच गठ्ठे आहेत त्याचा विषय शनिवारी. परीक्षेच्या दिवशी सहा वर्गांवर सहा पर्यवेक्षक लागतात आणि शिक्षक आठ आहेत. रोज दोघे मोकळे. ज्यांचा पेपर नुकताच झालाय त्यांनाच त्या दिवशी मोकळं ठेवा. पालक म्हणतील पहिल्याच दिवशी गणित कशाला. त्यांना सांगा, आदला दिवस रविवार आहे, अभ्यासाला अख्खा दिवस मिळतो.

आता चौकटीत कोणती तासिका कुठे. वेळापत्रकाची पुस्तकं सांगतात की गणित सकाळी ठेवा, मुलं ताजी असतात. खरंय. पण नंदुरबारमध्ये त्याआधी एक प्रश्न विचारायचा. तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी असतो? आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारनंतर वर्ग अर्धा होतो. कुठे मुलं आईबरोबर बाजारात जातात, कुठे घरी धाकट्याला सांभाळतात. हे तुम्हाला कोणाच्या सांगण्यावरून धरायची गरज नाही. मागच्या वर्षीचं हजेरीपत्रक घ्या, जुलै ते सप्टेंबर, आणि वारांप्रमाणे गैरहजरांची बेरीज करा. तासाभराचं काम आहे. एखादा वार हमखास खाली दिसेल.

मग त्या वाराच्या पाचव्या ते आठव्या तासिकेत काय जातं ते तपासा. ज्या विषयाला आठवड्याला दोनच तासिका आहेत आणि त्यातली एक बाजाराच्या दुपारी पडली, तर त्या विषयाचं अर्धं वर्ष गेलं. गणिताच्या सातातली एक गेली तर भरून निघते. म्हणून बाजाराच्या दुपारी रोजच्या विषयांची उजळणी, वाचन, खेळ. नवीन धडा नाही. विज्ञानाच्या प्रयोगाची जोडतासिका तर अजिबात नाही. पावसाळ्यात हेच पहिल्या तासिकेला लागू होतं. नाल्याला पाणी असलं की पलीकडच्या पाड्यावरची मुलं उशिरा पोचतात. तेव्हा जून ते सप्टेंबर पहिल्या तासिकेला एकच विषय रोज ठेवू नका, नाहीतर त्या मुलांचा तोच विषय रोज बुडेल. एक वेळापत्रक वर्षभर चालवायचा कुठे नियम आहे? दसऱ्यानंतर दुसरं लावा.

चौकट भरण्याचा क्रम असा: जे सगळ्यात अडचणीचं ते आधी. प्रयोगशाळा एकच आहे, म्हणून जोडतासिका आधी बसवा. मग मैदान. मग ३४ तासिकावाले दोघे. त्यांना सलग चारपेक्षा जास्त तासिका येणार नाहीत एवढं बघा. भाषा शेवटी, त्यांना जागा सापडते.

मोबाइलवर गूगल शीट्समध्ये करत असाल तर एक सोपी युक्ती. एका दिवसाची एक शीट. उभे सहा वर्ग, आडव्या आठ तासिका, आणि प्रत्येक चौकोनात विषय न लिहिता फक्त शिक्षकाचं छोटं नाव. चौकोन B2 ते I7 असतील, तर कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे सूत्र टाका:

```
=COUNTIF(B$2:B$7,B2)>1
```

एकाच तासिकेला एक शिक्षक दोन वर्गांवर पडला की दोन्ही चौकोन रंगतात. कंडिशनल फॉरमॅटिंग मोबाइलवर सेट करणं थोडं किचकट आहे, एकदा कम्प्युटरवर करून ठेवा, मग भरायला मोबाइल चालतो.

शेवटची गोष्ट, बदली तासिकांची. मुख्याध्यापक धरून नऊ माणसं आणि सहा वर्ग. म्हणजे कोणत्याही तासिकेला तिघे मोकळे. मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीला गेले की दोघे. एक जण रजेवर, एक जण प्रशिक्षणाला, आणि तिसरा कोणी गेला की वर्ग शिक्षकाविना. हा आकडा जूनमध्येच माहीत असेल तर दोन प्रशिक्षणांची पत्रं एकाच तारखेची आली तेव्हा मुख्याध्यापकांना कारण लेखी देऊन एकाची तारीख बदलून मागता येते. आणि तिघे मोकळे म्हणताना कोण मोकळे तेही बघा. सोमवारच्या तिसऱ्या तासिकेला तिन्ही मोकळे शिक्षक चित्रकला, क्रीडा आणि हिंदीचे असतील, तर दहावीच्या गणिताची बदली कोणीच घेऊ शकत नाही. प्रत्येक तासिकेला मोकळ्यांत निदान एक गणित-विज्ञानवाला किंवा इंग्रजीवाला असावा. पाचही दिवस हे जुळत नाही, मी बरेचदा करून बघितलंय. सकाळच्या चार तासिकांना जुळलं तरी बरं चालतं, कारण बदलीची धावपळ सकाळीच होते.

पुढच्या भागात आश्रमशाळांबद्दल बोलू. तिथे मुलं निवासी असल्यामुळे बाजाराचा आणि नाल्याचा प्रश्न वेगळा होतो, आणि सुट्टीवरून परत येण्याचा प्रश्न मोठा होतो. तोपर्यंत तुमच्या शाळेचा हजेरीचा पडता वार कोणता निघाला ते कळवा.